रिकाम्या हॉलमध्ये भाषण रेकॉर्ड करताना आवाज घुमतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्याख्यानमालेचं भाषण आधीच रेकॉर्ड करून ठेवायचं असतं. मंडळाचा किंवा वाचनालयाचा हॉल फुकट मिळतो, प्रेक्षक नसतात, शांतता असते. घरी येऊन फाइल ऐकली की कपाळावर हात मारायची वेळ येते. पुढचे प्रश्न अशाच लोकांनी विचारलेले आहेत. उत्तरांत मी सगळीकडे एकच हॉल धरला आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतील. एका वाचनालयाचा पहिल्या मजल्यावरचा हा हॉल १५ मीटर लांब, ९ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच आहे. खाली फरशी, वर स्लॅब, भिंतींना ऑइल पेंट, एका बाजूला काचेच्या खिडक्या आणि कोपऱ्यात रचून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. असा हॉल तुमच्याही गावात असेल.

१. हॉलमध्ये समोर बसून ऐकलं तेव्हा आवाज चांगला होता. रेकॉर्डिंगमध्ये तो विहिरीतून आल्यासारखा का येतो?

कारण हॉलमध्ये तुम्ही दोन कानांनी ऐकत होता. थेट आवाज समोरून येतो आणि घुमणारा आवाज चहूबाजूंनी. दोन्ही कानांपर्यंत पोचणाऱ्या आवाजातल्या बारीक फरकावरून मेंदू समोरचं माणूस वेगळं काढतो आणि बाकीचं मागे ढकलतो. शिवाय वक्त्याचे ओठ दिसत असतात. माइकला यातलं काहीच जमत नाही. थेट आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज तो एकाच तारेत ओततो आणि मग हेडफोनमध्ये दोन्ही एकाच दिशेने येतात.

ही तफावत जागेवरच पकडायची असेल तर एका कानात बोट घालून ऐका. हॉल एकदम जास्त घुमायला लागल्यासारखा वाटेल. माइकला साधारण तेच ऐकू येतं.

२. घुमणं आणि प्रतिध्वनी एकच ना? सगळे दोन्हीला ‘इको’ म्हणतात.

म्हणू द्या, पण उपाय वेगळे असल्यामुळे फरक माहीत असलेला बरा. विजापूरच्या गोलघुमटात हाक मारल्यावर तीच हाक वेगळी, पुन्हा पुन्हा ऐकू येते. तो प्रतिध्वनी. परतलेला आवाज मूळ आवाजानंतर साधारण ५० मिलिसेकंदांहून उशिरा आला आणि पुरेसा जोरकस असला, की कान त्याला वेगळा मोजू लागतो. त्यासाठी त्याला १७ मीटर जास्तीची वाट चालावी लागते, म्हणजे भिंत साडेआठ मीटर तरी लांब हवी.

घुमणं किंवा घुमारा म्हणजे शेकडो परावर्तनं इतक्या दाटीने येतात की वेगळी ऐकू न येता एक शेपूट तयार होतं. रिकाम्या हॉलमधल्या भाषणाची तक्रार बहुतेक वेळा याचीच असते.

तिसरा एक प्रकार आहे. समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींमध्ये आवाज टेबल टेनिसच्या चेंडूसारखा फिरत राहतो. टाळी वाजवली की मागून ‘टर्रर’ असा पत्र्यासारखा आवाज येतो. त्याचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. त्या जोडीतल्या एकाच भिंतीवर, वक्त्याच्या डोक्याच्या उंचीवर गोधड्या लटकवा आणि वक्त्याला भिंतींना समांतर न ठेवता थोडं तिरपं उभं करा. दोन्ही भिंती झाकायची गरज नसते.

३. आमचा हॉल किती घुमतो हे मोजायचं कसं?

पंखे, एसी, ट्यूबलाइट बंद करा. मोबाइलमध्ये असा रेकॉर्डर लावा ज्यात आवाजाची पातळी हाताने ठरवता येते आणि जो WAV फाइल देतो. मोबाइल एका खुर्चीवर ठेवा, चार-पाच मीटर लांब जा आणि एकच जोरदार टाळी वाजवा. फुगा फोडलात तर आणखी चांगलं, कारण त्यात खालच्या पट्टीचा आवाजही असतो.

फाइल Audacity मध्ये उघडा आणि उभं माप डेसिबलमध्ये करून घ्या. टाळीच्या शिखरानंतर आवाज उताराने खाली येताना दिसेल. शिखराच्या ५ डेसिबल खालपासून २५ डेसिबल खालपर्यंत, म्हणजे एकूण २० डेसिबल उतरायला किती वेळ लागला ते बघा आणि तीनने गुणा. घुमारा मोजायची रूढ पद्धत म्हणजे आवाज ६० डेसिबल उतरायला लागणारा वेळ. पूर्ण ६० डेसिबल दिसेपर्यंत रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज मध्ये येतो, म्हणून वीसचं तिप्पट.

वाचनालयाच्या हॉलमध्ये २० डेसिबलला सुमारे १.४ सेकंद लागले, म्हणजे घुमारा ४.२ सेकंद. अशा आकाराच्या हॉलमध्ये भाषण नीट कळण्यासाठी तो एक सेकंदाच्या आत असावा. माणूस भरभर बोलताना सेकंदाला पाच-सहा अक्षरं सहज उच्चारतो. म्हणजे इथे प्रत्येक अक्षराच्या अंगावर आधीच्या वीसेक अक्षरांचं शेपूट लोळत असतं.

टाळी नको असेल तर कानाची चाचणी घ्या. वक्त्याला सावकाश ‘पाट, पाठ, पात’ म्हणायला लावा आणि रेकॉर्डिंग अशा माणसाला ऐकवा ज्याला क्रम माहीत नाही. शब्दाच्या शेवटचं व्यंजन घुमण्यात सर्वांत आधी बुडतं. त्याचा क्रम चुकला तर तुमचा माइक लांब आहे.

४. माइक तोंडापासून नेमका किती अंतरावर ठेवायचा?

या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हे आहे. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा.

तोंडातून निघालेला थेट आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने कमी होतो. घुमणारा आवाज मात्र हॉलभर जवळपास सारखाच पसरलेला असतो. माइक कुठेही ठेवा, त्याच्या वाट्याला घुमारा तेवढाच येतो. त्यामुळे प्रत्येक हॉलमध्ये असं एक अंतर असतं जिथे थेट आवाज आणि घुमारा बरोबरीला येतात. त्याला क्रांतिक अंतर म्हणतात. त्याच्या आत माणूस जिंकतो, बाहेर हॉल जिंकतो.

आपल्या हॉलचं घनफळ ५४० घनमीटर आणि घुमारा सव्वाचार सेकंदांच्या आसपास आहे. माणूस समोरच्या बाजूला थोडा जास्त आवाज फेकतो हे धरून हिशेब केला तर हे अंतर सुमारे ९० सेंटिमीटर येतं. पंधरा मीटर लांब हॉल आणि हद्द फक्त तीन फुटांची! बहुतेकांचा मोबाइल ट्रायपॉडवर दोन मीटरवर असतो. तिथे घुमारा थेट आवाजापेक्षा ७ डेसिबलने जास्त असतो. आता तोच माइक वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटरवर आणा. थेट आवाज घुमाऱ्याच्या वर १३ डेसिबल जातो. एकूण फरक २० डेसिबलचा, आणि खर्च फक्त एका कॉलर माइकचा.

म्हणून कॉलर माइक लावताना हनुवटीच्या टोकापासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत वीत मोजा आणि तिथे लावा. पदराखाली किंवा उपरण्याखाली गेला तर कापड घासल्याचा आवाज येईल, म्हणून पदर पिनेने पक्का करून माइक बाहेर ठेवा. स्टँडवरचा माइक असेल तर एक फुटाच्या आत हवा. चौकटीत माइक दिसतो म्हणून तो लांब सरकवू नका. भाषणात माइक दिसल्याने कोणाचं काही बिघडत नाही.

५. वक्त्याने मोठ्याने बोललं तर घुमणं झाकलं जाईल का?

नाही. आवाज दुप्पट केला की घुमाराही तितकाच वाढतो, दोघांमधलं प्रमाण तेच राहतं. उलट मोठ्याने बोलताना स्वर ताणले जातात आणि व्यंजनं त्या मानाने दबतात. उपयोग होतो तो सावकाश बोलण्याचा. वाक्याच्या शेवटी पूर्ण सेकंदभर थांबायला सांगा. ती जागा पुढे संपादनातही कामी येते (प्रश्न ११).

६. कोणता माइक घ्यावा? लांबून पकडणारा शॉटगन माइक आहे, तो चालेल का?

शॉटगन माइक मोकळ्या मैदानात उत्तम. त्याची लांब नळी बाजूने येणारा आवाज फटींमधून आत घेऊन आपसात कापते. ही क्लृप्ती वरच्या पट्टीत चांगली चालते, खालच्या पट्टीत तिचा जोर ओसरतो. घुमणाऱ्या हॉलमध्ये भिंतींवरून आलेला आवाज बाजूंनी घुसतो, त्याच्या वरच्या पट्ट्या वेड्यावाकड्या कापल्या जातात आणि उरलेला घुमारा पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो. ‘लांबून पकडणारा’ ही समजूतच चुकीची आहे. माइक दुर्बिणीसारखा आवाज जवळ ओढत नाही, फक्त इतर दिशांचा आवाज कमी घेतो.

मुख्यतः समोरचा आवाज घेणारा कार्डिऑइड माइक सगळीकडून येणाऱ्या घुमाऱ्यातला एक तृतीयांशच घेतो, म्हणजे सुमारे ५ डेसिबलचा फायदा. त्यामुळे एक फुटावरचा कार्डिऑइड आणि वीतभर अंतरावरचा सर्वदिशी कॉलर माइक जवळपास सारखाच निकाल देतात. फरक इतकाच की वक्ता मान वळवतो तेव्हा कॉलर माइक त्याच्याबरोबर जातो, स्टँडवरचा जात नाही. हातवारे करत फिरणाऱ्या वक्त्याला कॉलर, पोथी समोर ठेवून बसणाऱ्याला स्टँड, असा माझा साधा नियम आहे. कार्डिऑइड फार जवळ आला की आवाज घोगरा, जाड होतो. तो दोष नव्हे, अशा माइकचा तो स्वभाव आहे. संपादनात खालची पट्टी थोडी कमी केली की झालं.

महाग माइक लांब ठेवण्यापेक्षा हजार रुपयांचा कॉलर माइक वीतभर अंतरावर बरा.

७. गाद्या, सतरंज्या, पडदे लावून खरंच फरक पडतो का? किती लागतात?

पडतो, पण लोक समजतात तेवढा नाही आणि तिथे नाही.

या शास्त्राची सुरुवातच गाद्यांनी झाली. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात प्राध्यापकांचं बोलणंच कळेना. वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाकडे ते काम आलं. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या. थोड्या थोड्या मांडत घुमारा मोजला आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवल्या. मोकळ्या व्याख्यानगृहाचा घुमारा साडेपाच सेकंद होता. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं. घनमीटरमधल्या घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि एकूण शोषणाने भागायचं. शोषण मोजायचं एकक म्हणजे एक चौरस मीटर उघडी खिडकी, कारण तिथून गेलेला आवाज परत येत नाही.

आपल्या हॉलची फरशी, स्लॅब आणि भिंती मिळून सुमारे ४६० चौरस मीटर पृष्ठभाग आहे, पण तो आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग गिळतो. खुर्च्या, दारं, दोन माणसं धरून एकूण शोषण वीसच्या आसपास. ५४० गुणिले ०.१६१ भागिले २० म्हणजे सव्वाचार सेकंदांच्या थोडं वर. टाळीने मोजलेल्या आकड्याशी हे जुळतं.

आता मंगल कार्यालयातून सहा बाय तीन फुटांच्या सोळा कापसाच्या गाद्या आणल्या. उभी करून ठेवली आणि दोन्ही अंगं उघडी राहिली तर एक गादी दीड चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं काम करते. सोळांचे चोवीस झाले, एकूण शोषण ४४, आणि घुमारा दोन सेकंदांवर. निम्म्याहून कमी! ऐकायला छान वाटतं. पण निम्मा घुमारा म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये फक्त ३ डेसिबलचा फायदा. टेम्पो, दोन हमाल आणि तासाभराची उचलठेव यातून ३ डेसिबल. माइक दोन मीटरवरून वीतभर आणला तर २० (प्रश्न ४). म्हणून आधी माइक, मग गाद्या.

मग गाद्या आणायच्याच नाहीत का? चार-सहा आणा, पण हॉलभर विखरू नका. सरासरी घुमारा त्यांनी फारसा हलणार नाही. वक्त्याजवळच्या पृष्ठभागांवरून येणारी पहिली, जोरकस परावर्तनं मात्र त्या अडवतात. स्टँडवरच्या कार्डिऑइडचं तोंड वक्त्याकडे असतं, म्हणजे वक्त्याच्या पाठीमागची भिंत त्याला सर्वांत स्पष्ट ऐकू येते. म्हणून पहिल्या दोन गाद्या वक्त्याच्या मागे. व्हिडिओत त्या दिसत असतील तर त्यांच्यापुढे साधा पडदा. पुढच्या दोन डाव्या-उजव्या बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर. उरलेल्या समोर, जिकडे वक्ता बोलतो तिकडे. पायाखाली आणि माइकखाली सतरंजीच्या दोन-तीन घड्या. टेबल असेल तर त्यावर जाड घोंगडी, कारण टेबलावरून उडालेला आवाज माइकपर्यंत सगळ्यांत आधी पोचतो.

पातळ सतरंजी किंवा नायलॉनचा पडदा फक्त वरची पट्टी खातो. ‘स’ आणि ‘च’ मधली चमक जाते, खालचं घुमणं तसंच राहतं आणि आवाज आणखी कोंदट होतो. जाडीने फरक पडतो, आणि भिंतीपासूनच्या अंतराने त्याहून जास्त. हवेचा झोत भिंतीला लागून थांबलेला असतो, भिंतीपासून दूर तो हलतो. तो हलतो तिथेच कापूस त्याला अडवू शकतो. म्हणून गोधडी भिंतीला चिकटवण्यापेक्षा सुतळीने दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे टांगा.

८. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावले तर?

नका लावू. ट्रेचा पुठ्ठा पातळ आणि हलका असतो, आवाज शोषायला त्याच्यात काही नसतं. वरच्या पट्टीचा थोडा आवाज तो इकडेतिकडे विखुरतो, भाषणाच्या मुख्य पट्टीला काही होत नाही. शिवाय पुठ्ठा लगेच पेट घेतो. तीच मेहनत दोन रजयांवर करा.

९. हॉलमधले स्पीकर चालू ठेवायचे का? समोर कोणी नाही, पण वक्त्याला त्यांची सवय आहे.

बंद ठेवा. चालू स्पीकर म्हणजे वक्त्याचा आवाज दहापट मोठा करून हॉलच्या चार कोपऱ्यांत ओतणं. तो घुमारा माइकमध्ये परत येतो आणि जवळच्या माइकचा सगळा फायदा जातो. एकदा माझ्याकडे आलेल्या फाइलमध्ये कॉलर माइक अगदी बरोबर लावलेला होता, तरी आवाज घुमत होता. शेवटी कळलं की हॉलच्या ॲम्प्लिफायरचा फेडर कोणीतरी अर्ध्यावर सोडला होता. वक्त्याला स्वतःचा आवाज ऐकायचाच असेल तर एका कानात इअरफोन द्या.

१०. दोन वक्ते आहेत. दोघांनाही कॉलर माइक लावले, तरी आवाज पोकळ का येतो?

एक बोलत असताना दुसऱ्याचा माइकही उघडा असतो. तो पहिल्याचा आवाज मीटरभरावरून, म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद उशिराने पकडतो. दोन्ही मिसळले की काही पट्ट्या एकमेकींना खोडतात आणि आवाज पाइपात बोलल्यासारखा होतो. शिवाय प्रत्येक उघडा माइक आपला घुमारा घेऊन येतो. एकाचे दोन झाले की घुमारा ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे सोळा गाद्यांनी कमावलेलं सगळं गेलं.

दोन्ही माइक वेगळ्या ट्रॅकवर घ्या. संपादनात जो बोलत नाही त्याचा ट्रॅक १२ ते १५ डेसिबल खाली आणा. पूर्ण बंद करू नका, नाहीतर हॉलची पार्श्वभूमी येते-जाते. दोघांना समोरासमोर न बसवता थोडं लांब आणि तिरपं बसवलंत तर हे काम निम्मं होतं. स्वतःचं तोंड माइकपासून जेवढं दूर, त्याच्या तिप्पट अंतर तरी दोन माइकांमध्ये ठेवा.

कॅमेऱ्याचा आवाज आणि कॉलर माइकचा आवाज दोन्ही एकत्र ठेवणारेही याच खड्ड्यात पडतात. कॅमेरा सहा मीटरवर असेल तर त्याचा आवाज सतरा-अठरा मिलिसेकंद मागे असतो. सुरुवातीला टाळी वाजवून दोन्ही जुळवून घ्या आणि मग कॅमेऱ्याचा ट्रॅक बंद करा. त्याचं काम फक्त जुळवण्यापुरतं.

११. रेकॉर्डिंग झालेलं आहे, वक्ते परत येणार नाहीत. आता काय करता येईल?

आधी बघा की फाइल वाचवता येण्यासारखी आहे का. माइक क्रांतिक अंतराच्या आत होता तर बरंच सुधारता येतं. बाहेर होता तर सुधारणेलाच मर्यादा आहे. पाठ-पातची चाचणी इथेही घ्या (प्रश्न ३). जो शब्द माणसाला कळत नाही तो सॉफ्टवेअर परत आणून देणार नाही.

नेहमीच्या गोंगाटावर चालणारं ‘नॉइज रिडक्शन’ इथे चालत नाही. पंख्याची घरघर बोलण्यापेक्षा वेगळी आणि एकसारखी असते, म्हणून तिचा नमुना घेऊन ती वजा करता येते. घुमारा म्हणजे वक्त्याचाच आवाज, त्याच पट्ट्यांत, थोड्या उशिराने आलेला. नमुना कशाचा घेणार? म्हणून त्यासाठी वेगळी साधनं असतात. Audition मध्ये DeReverb आहे, iZotope RX मध्ये De-reverb आहे. शेपूट किती वेगाने ओसरतं याचा अंदाज घेऊन ती प्रत्येक पट्टीतला ओसरता भाग दाबतात.

मी हा क्रम पाळतो. आधी ८०-९० हर्ट्झखालचं सगळं काढतो, कारण तिथे बोलणं नसतं, नुसता हॉल असतो. मग २५० ते ५०० हर्ट्झच्या मध्ये जिथे कोंदटपणा सर्वांत जास्त वाटतो तिथे ३ डेसिबल कमी करतो. मग घुमारा कमी करणारं साधन लावतो, ज्या पातळीला फरक नुकता कळायला लागतो तेवढंच. काढून टाकलेला भाग वेगळा ऐकायची सोय असेल तर जरूर ऐका. त्यात स्पष्ट शब्द ऐकू येत असतील तर तुम्ही वक्त्यालाच कापताय. आवाज पाण्याखालून आल्यासारखा किंवा धातूसारखा वाटायला लागला तर दोन पावलं मागे या. एकदाच जोरात लावण्यापेक्षा दोनदा हलकं लावणं मला जास्त मानवतं. सर्वांत शेवटी एक्सपांडर, तो पुढच्या प्रश्नात.

१२. महागडं सॉफ्टवेअर नाही. फुकटात काही होईल का?

थोडं होईल. शब्दांच्या खाली दडलेला घुमारा निघणार नाही, पण वाक्यांच्या मधल्या जागेत लोंबणारं शेपूट कमी करता येतं. ते करणाऱ्या साधनाला एक्सपांडर म्हणतात. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो आणखी खाली ढकलतो. वक्ता वाक्याच्या शेवटी थांबलेला असेल तर फरक चांगला ऐकू येतो. ffmpeg या कमांड लिहून चालवायच्या प्रोग्रॅममध्ये असं:

```
ffmpeg -i bhashan.wav -af "highpass=f=90,equalizer=f=350:t=q:w=1:g=-3,agate=threshold=0.03:ratio=2:attack=5:release=150:range=0.25,loudnorm=I=-16:TP=-1.5:LRA=11" -ar 48000 swachchha.wav
```

`threshold` मधलं ०.०३ म्हणजे पूर्ण पातळीपेक्षा सुमारे ३० डेसिबल खाली. तुमचं रेकॉर्डिंग हळू असेल तर हा आकडा कमी करा, नाहीतर शब्दांची शेवटची अक्षरंच गिळली जातील. `range` मधलं ०.२५ म्हणजे जास्तीत जास्त १२ डेसिबल दाबायचं. इथे शून्य टाकायचा मोह होतो. तो टाळा, कारण मग प्रत्येक वाक्यानंतर हॉल अचानक नाहीसा होतो आणि पुढच्या शब्दाबरोबर परत उगवतो. ते मूळ घुमण्यापेक्षा वाईट.

१३. आवाज मोठा करायला कॉम्प्रेसर लावला आणि घुमणं वाढलं. असं का?

कॉम्प्रेसर मोठे आवाज दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो. शब्द होते तेवढेच राहतात, शेपूट वर येतं. म्हणून घुमारा कमी करण्याचं काम आधी, कॉम्प्रेसर नंतर आणि तोही हलका.

मोबाइलचा साधा रेकॉर्डर हेच काम तुम्हाला न विचारता करतो. वक्ता थांबला की तो आपोआप आवाज वाढवतो आणि नेमक्या त्या क्षणी हॉल ओरडायला लागतो. वाक्य संपल्यावर घुमणं कमी होण्याऐवजी फुगताना ऐकू आलं तर समजा की हेच चाललंय. पातळी हाताने ठरवता येईल असा रेकॉर्डर घ्या आणि सर्वांत मोठा शब्द उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा.

१४. हॉलमध्ये वीस माणसं नुसती बसवली तर?

उत्तम कल्पना, चहाचा खर्च तेवढा धरा. बसलेला माणूस साधारण अर्ध्या चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो. वीस माणसं म्हणजे नऊ-दहा, सहा-सात गाद्यांच्या बरोबरीचं. वक्त्यालाही समोर चेहरे दिसल्याने बोलणं खुलतं. फक्त खोकला आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांची करकर मोजून घ्या. हिवाळ्यात स्वेटर-शालीतली माणसं उन्हाळ्यातल्यांपेक्षा जास्त कामाची, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

१५. हॉल सोडून घरच्या लहान खोलीत रेकॉर्ड केलं तर?

फक्त आवाज हवा असेल तर नक्की करा. पलंग, गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट आणि जाड पडदे असलेली झोपायची खोली कुठल्याही रिकाम्या हॉलपेक्षा बरी. रिकामी लहान खोली मात्र फसवते. घुमारा छोटा असतो, पण भिंती जवळ असल्याने पहिली परावर्तनं काही मिलिसेकंदांत येऊन आवाजाला डब्याचा रंग देतात, आणि तो संपादनात निघत नाही.

१६. घुमणं पूर्ण काढलं तर व्हिडिओत आवाज डब केल्यासारखा वाटतो. किती ठेवायचं?

बरोबर पकडलंत. डोळ्यांना मोठा हॉल दिसतो आणि कानांना कपाटातला आवाज ऐकू येतो, तेव्हा प्रेक्षकाला काहीतरी खटकतं. दृश्य जितकं लांबून, तितका थोडा हॉल राहू द्या. वाचनालयाच्या त्या भाषणात मी कॉलर माइकच्या ट्रॅकखाली कॅमेऱ्याचा ट्रॅक वेळेत अचूक जुळवून २० डेसिबल खाली ठेवला होता. प्रश्न १० मध्ये तो बंद करा म्हणालो आणि इथे हे सांगतोय, हा अपवाद आहे. तो चालतो तो फक्त इतक्या खालच्या पातळीला, आणि जुळवणी एका मिलिसेकंदाच्या आत असेल तरच. ती नाही जमली तर ट्रॅक बंद करून कोरड्या आवाजावर समाधान माना. ऐकणारे दोन मिनिटांत सरावतात.